पंख्याची टॅगलाइन लिहिताना: ‘बिल कमी येईल’ हे नक्की कसं सांगायचं?

मी जाहिरातींच्या ओळी लिहिते, म्हणजे खोक्यावर, बॅनरवर, रेडिओवर जे पाच-सहा शब्द असतात ना, ते. मागे एक काम आलं सीलिंग फॅनचं. बीएलडीसी मोटरवाला, कमी वीज खाणारा. कंपनी छोटी, आणि सांगणं एवढंच होतं की आमचा पंखा साध्या पंख्यापेक्षा महाग आहे पण पुढची कितीतरी वर्षं लाइट बिल कमी येतं, तर हे गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसेल अशी एक ओळ द्या, यमक जुळलं तर फारच छान.

ऐकायला सोपं वाटतं. पण पंख्यात गिऱ्हाइकाला आज दिसण्यासारखं काहीच नसतं. टीव्ही लावला की चित्र दिसतं, मिक्सर लावला की चटणी होते, आणि हा पंखा लावला की जुन्यासारखाच वारा येतो. जास्तीचे पैसे ज्यासाठी मोजायचे ती गोष्ट छताला नाही, बिलाच्या कागदावर होणार आहे, तीही हळूहळू, आणि बाकीच्या वापरात मिसळून.

पहिल्या फेरीत ज्या ओळी सुचतात त्या मी नेहमी लिहून काढते, कारण त्या डोक्यातून बाहेर पडल्याशिवाय पुढचं काही सुचत नाही. ‘आज एकदा घ्या, दहा वर्षं वाचवा.’ ‘वारा वाढला, बिल घटलं.’ ‘बिल निम्मं, वारा पूर्ण.’ मार्केटिंगवाल्या सरांना तिसरी लगेच आवडली, ते म्हणाले झालं की काम. मी म्हटलं, थांबा, आधी तुमच्या इंजिनिअरना भेटू द्या, कारण ‘निम्मं’ हा आकडा आहे आणि आकडा लिहिला की कोणीतरी तो मोजणार.

इंजिनिअर मॅडमनी माझ्यासमोर दोन पंखे लावले, दोन्ही १२०० मिलिमीटरचे म्हणजे घरात नेहमी असतो तो आकार. एक साध्या इंडक्शन मोटरचा आणि एक त्यांचा. दोन्हींच्या वायरीत वॅटमीटर. लगेच आकडा लिहून घेऊ नका म्हणाल्या, अर्धा-पाऊण तास फिरू द्या, मोटर गरम झाली की आकडा थोडा हलतो आणि मग स्थिर होतो, तो खरा. स्थिर झाल्यावर पूर्ण वेगात साधा पंखा ७५ वॅट घेत होता आणि त्यांचा ३० वॅट. वारा दोघांचा जवळजवळ सारखाच, मिनिटाला २२० घनमीटरच्या आसपास.

मी विचारलं की वारा तेवढाच आणि वीज निम्म्याहून कमी, मग साध्या पंख्यात बाकीची वीज जाते कुठे? उत्तर सोपं होतं, उष्णतेत. साध्या पंख्याच्या मोटरमध्ये फिरणाऱ्या भागात करंट तयार व्हावा लागतो, तरच तो फिरतो, आणि तो करंट सतत त्या भागाला तापवत राहतो. बीएलडीसीमध्ये फिरणाऱ्या भागावर कायमचे चुंबक बसवलेले असतात, तिथे करंट लागतच नाही, फक्त न फिरणाऱ्या भागावरच्या वाइंडिंगला एक छोटं सर्किट योग्य वेळी योग्य दिशेने करंट देत राहतं. बंद केल्यावर साध्या पंख्याच्या मोटरला हात लावून बघा म्हणाल्या. चांगलीच गरम होती. त्यांची जेमतेम कोमट.

त्या दुपारीच ‘वारा वाढला, बिल घटलं’ गेलं. वारा वाढलेला नाहीये, तेवढाच आहे. ओळीला ठेका मस्त होता, दोन्हीकडे सारखं वजन, पण पहिला अर्धा भाग खोटा असेल तर दुसऱ्या अर्ध्यावर कोण विश्वास ठेवणार.

मग ‘बिल निम्मं’. इथे माझी आणि सरांची बरीच चर्चा झाली, कारण त्यांचं म्हणणं की ७५ चे ३० झाले म्हणजे साठ टक्के बचत, मी तर ‘निम्मं’ म्हणून उलट कमीच सांगतोय. बरोबर आहे, पण ती साठ टक्के बचत पंख्याच्या विजेतली आहे, घराच्या बिलातली नाही. मी त्यांच्यासमोर कागदावर मांडून दाखवलं. दोन पंख्यांत फरक ४५ वॅटचा. समजा पंखा दिवसाला १० तास चालतो आणि वर्षातले ३०० दिवस चालतो, म्हणजे ३००० तास. ४५ गुणिले ३००० म्हणजे एक लाख पस्तीस हजार वॅट-तास, आणि हजार वॅट-तासांचं एक युनिट, म्हणून वर्षाला १३५ युनिट. महिन्याला सरासरी अकरा-बारा. आता ज्या घराचा वापर महिन्याला २०० युनिट आहे तिथे एक पंखा बदलून पाच-सहा टक्के फरक पडेल. तीन पंखे बदलले आणि तिन्ही तेवढेच चालले तर वर्षाला ४०५ युनिट, म्हणजे सतरा टक्क्यांच्या आसपास. चांगला फरक आहे, पण निम्मा कुठे? फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन हे सगळं तसंच चालू राहणार. त्यात बऱ्याच बिलांमध्ये एक स्थिर आकार असतो, तो तुम्ही एक युनिट वापरा नाहीतर शंभर, कमी होत नाही.

म्हणजे ‘बिल निम्मं’ लिहिलं असतं तर पहिल्याच महिन्यात गिऱ्हाईक बिल घेऊन दुकानात उभं. आणि दुकानदाराने काय सांगायचं, की साहेब निम्मं म्हणजे पंख्यापुरतं निम्मं?

सर म्हणाले ठीक आहे, मग मोठा आकडा सांगू, दहा वर्षांचा. १३५ गुणिले दहा, १३५० युनिट. ‘दहा वर्षांत १३५० युनिट वाचवा.’ पैशांत नको, युनिटमध्येच, कारण युनिटचा दर जागोजागी वेगळा, बऱ्याच ठिकाणी जास्त वापराला जास्त दर, शिवाय तो दर वर्षी बदलणार, त्यामुळे पैशांचा कुठलाही आकडा छापला तरी तो कोणासाठी तरी चुकीचाच. हे मला पटलं होतं. १३५० हा आकडा पण खरा होता, त्या गृहीतकांवर.

पण मी जेव्हा एखादी ओळ तपासते तेव्हा एक साधी गोष्ट करते, ओळखीच्या काही लोकांना ती वाचायला देते, मग इकडचं तिकडचं बोलते, आणि दहा-पंधरा मिनिटांनी विचारते की मघाशी त्या कागदावर काय होतं? आवडली का असं विचारत नाही, त्याला सगळे हो म्हणतात. काय होतं, आणि त्यातून तुम्हाला काय कळलं, एवढंच. १३५० च्या ओळीला उत्तरं आली ‘काहीतरी हजार युनिट’, ‘वीज वाचते असं काहीतरी’, आणि एका काकूंनी स्पष्ट सांगितलं, दहा वर्षांनी कुठे असू कोणाला माहीत.

काकूंचं बोलणं मला महत्त्वाचं वाटलं कारण या गोष्टीचा अभ्यास झालेला आहे. जेरी हाऊसमन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये एक पेपर लिहिला, खोलीचा एसी घेताना लोक आजची किंमत आणि पुढच्या विजेचा खर्च यांची तुलना कशी करतात त्यावर. निघालं असं की लोक पुढच्या बचतीला वर्षाला साधारण वीस टक्क्यांच्या दराने कमी लेखतात. म्हणजे पुढच्या वर्षी मिळणारे १२० आणि आज मिळणारे १०० त्यांना सारखेच. हाच दर मी आमच्या पंख्याला लावून बघितला. दहाव्या वर्षी वाचणारे १३५ युनिट आज मनात बावीसच उरतात. आणि दहा वर्षांचे १३५० मिळून मनात जमा होतात ५६६ च्या आसपास. म्हणजे आपण कितीही मोठ्या टायपात १३५० छापलं तरी समोरचा निम्म्याहून कमीच ऐकतो. लांबची वर्षं जोडत गेलो तर कागदावरचा आकडा फुगतो, माणसाच्या मनातला जवळजवळ नाही. एसीचा दर पंख्याला जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण काकूंना जे वाटलं त्यामागचं गणित यावरून कळतं.

शिवाय दहा वर्षं हा शब्द कोणाच्या भरवशावर लिहायचा, हा वेगळाच प्रश्न. मॅडमना विचारलं, पंखा दहा वर्षं चालेल ना? त्या म्हणाल्या मोटर चालेल, चुंबक चालतील, बेअरिंग बदलता येतं, माझी चिंता सर्किटची. साध्या पंख्यात इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नसतंच, एक कपॅसिटर असतो, तो गेला की कोणीही इलेक्ट्रिशियन बदलून देतो, म्हणून जुने पंखे वीस-वीस वर्षं फिरताना दिसतात. बीएलडीसीमध्ये ड्रायव्हर बोर्ड असतो. त्यावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात, साधारण दर दहा अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं असा इंजिनिअर लोकांचा ठोकताळा आहे, आणि छताजवळची हवा खोलीतली सगळ्यात गरम. व्होल्टेजचा मोठा झटका बसला तर बोर्ड एका क्षणात पण जाऊ शकतो. वर कोणी जुना भिंतीवरचा रेग्युलेटर तसाच ठेवून त्यातून हा पंखा जोडला तर बोर्डाला त्रास, म्हणून तो काढायला सांगतात. आमची वॉरंटी पाच वर्षांची आहे, बोर्डासकट, त्यापुढचं मी छापून देणार नाही, असं त्या म्हणाल्या. मला हे फार आवडलं. बोर्ड सहाव्या वर्षी गेला आणि बदलायला खर्च आला तर तो खर्च बचतीतून वजा करायला हवा, आणि असा खर्च लपवून कोणी ‘दहा वर्षं’ म्हणत असेल तर ते लबाडीच झाली.

तर आता आकडा नको, वर्षांची संख्या नको, ‘निम्मं’ नको, ‘जास्त वारा’ नको. मग काय उरतं?

मध्ये एक ओळ अशी सुचली की मला वाटलं हीच ती. ‘पंखा जोरात, मीटर हळू.’ चार शब्द. मीटर पळतंय असं आपण म्हणतोच, त्याचं उलट. वारा तेवढाच हे ‘जोरात’ मध्ये आलं, वीज कमी हे ‘हळू’ मध्ये आलं. आणि खरी पण आहे, जुन्या पंख्याच्या तुलनेत मीटर खरंच हळू चालणार. सर खूश, मॅडम पण हो म्हणाल्या. मी नेहमीसारखी लोकांना वाचायला दिली, आणि कंपनीच्या एका जुन्या सेल्सवाल्या काकांनी वाचल्या वाचल्या हसायला सुरुवात केली. म्हणाले, ताई, मीटर स्लो करून देणारे लोक वेगळे असतात, ते रात्री येतात. आणि मग मी बाकीच्यांना जरा खोदून विचारलं तर आणखी दोघातिघांच्या मनात तेच आलं होतं, फक्त बोलले नव्हते. वीजचोरीची आठवण करून देणारी ओळ वीज वाचवणाऱ्या वस्तूवर! ती तिथेच गेली. मला आजही ती ओळ ऐकायला आवडते, हे वेगळं.

त्यानंतर मी दुसऱ्या बाजूने विचार करायला लागले. मोठी बेरीज ऐकू जात नाही ना, मग बेरीज करूच नको, रोजच्या किंवा महिन्याच्या तुकड्यात सांग. ‘वारा तेवढाच. बिल दर महिन्याला थोडं कमी.’ यात ‘थोडं’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला होता आणि सरांना तो अजिबात आवडला नाही, जाहिरातीत कोणी थोडं म्हणतं का म्हणाले. माझं म्हणणं होतं की थोडं म्हटलं की लोक विश्वास ठेवतात, आणि ‘दर महिन्याला’ म्हटलं की ते थोडं आपोआप वाढत जातं, त्यासाठी दहा वर्षं म्हणायला नको.

पण ती ओळ ‘थोडं’मुळे पडली नाही, ‘दर महिन्याला’मुळे पडली. मॅडम म्हणाल्या, थंडीत? थंडीत पंखा बंद असतो. बंद पंख्याने काय वाचणार, शून्य. उलट रिमोटचा सिग्नल पकडण्यासाठी त्यातलं सर्किट बंद असतानाही किंचित वीज घेतं, एका वॅटहून कमी, पण शून्य नाही. आणि लोक बिल बघतात ते मागच्या महिन्याशी ताडून. समजा कोणी ऐन उन्हाळा सुरू होताना पंखा घेतला, तर पुढचं बिल वाढलेलंच येणार, कारण सगळं जास्त वेळ चालणार. खरी तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी, तीही पैशांत नाही, युनिटमध्ये. एवढं सगळं टॅगलाइनखाली लिहिणार का?

इथे मला एक गोष्ट नीट कळली, जी आधी आकड्यांत दिसत होती पण ओळीत येत नव्हती. हा पंखा महिन्यामागे काही वाचवत नाही आणि वर्षामागे पण नाही. हा पंखा तासामागे वाचवतो. जेवढे तास फिरेल तेवढं. दहा वर्षं कपाटावरच्या खोक्यात ठेवला तर काहीच नाही, आणि जिथे रात्रंदिवस फिरतो तिथे दोन-तीन वर्षांतच मोठं काम करून जातो. मग वचन वर्षांना का बांधायचं, फिरण्यालाच बांधू.

‘जितका फिरेल, तितका फिटेल.’

एका अक्षराचा फरक, र च्या जागी ट. म्हणायला सोपी, रेडिओवर चालेल, आणि पैसे फिटणं हे आपल्या रोजच्या बोलण्यातलं. शिवाय तिच्यात एकही आकडा नाही तरी ती गणिताने बरोबर आहे, कारण बचत खरंच तासांच्या प्रमाणात वाढते. कोणी विचारलं किती वर्षांत फिटेल, तर उत्तर ओळीतच आहे, तुम्ही किती फिरवता त्यावर.

हिला पण लोकांसमोर नेलं. बहुतेकांना लक्षात राहिली, शब्दासकट परत म्हणून दाखवली, जे आधीच्या कुठल्याच ओळीचं झालं नव्हतं. पण एका दादांनी विचारलं, म्हणजे फिटिंग फुकट आहे का? आणि मग लक्षात आलं की अडचण व्याकरणाची आहे. कर्ज फिटतं, पैसे फिटतात, पण पंखा ‘फिटेल’ म्हटलं की तो छताला फिट होईल असंच पहिल्यांदा ऐकू येतं, पंख्याच्या बाबतीत तर फारच. म्हणून ओळ लांबवावी लागली: ‘जितका फिरेल, तितके पैसे फिटतील.’ ठेका थोडा गेला, मला दोन दिवस खटकत राहिलं, पण फिटिंगवाला प्रश्न परत कोणी विचारला नाही.

आता खालची छोटी ओळ. वरच्या ओळीत आकडा नाही, म्हणून खाली एक तरी पक्का आकडा हवा, नाहीतर ती नुसती कविता. डिझायनरने त्याच्या परीने खोक्याच्या नमुन्यात टाकलं होतं: ‘दर तासाला ४५ वॅट वाचवा.’ हे मी खूप ठिकाणी बघितलंय आणि हे चूकच आहे, कारण वॅट हा वेग आहे, तो तासाला साठत नाही. ४५ वॅट कमी, एवढंच म्हणता येतं, आणि तासाभरात वाचतात ते ४५ वॅट-तास. आता वॅट-तास खोक्यावर लिहून कोण वाचणार, लोकांना ओळखीचं आहे ते युनिट, बिलावर तेच असतं. मग उलटं करून बघितलं, एक युनिट वाचायला किती तास लागतात? १००० भागिले ४५, बावीस तास आणि वर थोडं.

‘२२ तास फिरला की एक युनिट कमी’ असं मी लिहिलं. मॅडम म्हणाल्या २२ नाही, २२ पूर्णांक २, म्हणजे २२ म्हणणं हे किंचित का होईना जास्तीचं सांगणं झालं, लिहायचं तर २३. आणि दुसरं म्हणजे प्रत्येक पंखा अगदी ३० वॅटच घेईल असं नाही, कारखान्यातून एखादा ३२ चा पण निघतो, आणि त्याचा फरक ४३ वॅटच, तिथे २३ तास पण पुरत नाहीत. मग एकदम डोक्यात आलं की २४ का नको? २४ तासांत ४३ वॅटच्या हिशोबाने पण १०३२ वॅट-तास होतात, म्हणजे एक युनिट पूर्ण होऊन थोडं शिल्लक. पंखा ३३ वॅटचा निघाला तरी ओळ खरी राहते. आणि २४ तास म्हणजे एक अख्खा दिवस, हे डोक्यात कोरायला वेगळं काही लागत नाही. ‘२४ तास फिरला, एक युनिट कमी.’ जो रोज बारा तास लावतो त्याला दोन दिवसांना एक युनिट, जो आठ तास लावतो त्याला तीन दिवसांना एक. मनातल्या मनात होतं. सेल्सवाल्या काकांनी तर दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर हेच बोलायला सुरुवात केली, टॅगलाइन ठरायच्या आधीच.

एक अट मात्र छापावी लागली, पूर्ण वेगात. कारण पंखा मधल्या वेगावर ठेवला की फरक बदलतो. हवा हलवायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, वेग निम्मा केला तर आठवा हिस्साच पुरते, म्हणून मधल्या वेगावर दोन्ही पंख्यांचा वापर पटकन खाली येतो. मोजलं तर पाचपैकी तिसऱ्या वेगावर साधा पंखा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर ४८ वॅट घेत होता आणि बीएलडीसी १३. टक्क्यांत बघाल तर बचत उलट वाढली, सत्तरच्या वर गेली. पण वॅटमध्ये फरक ३५ वरच आला, आणि बिल टक्क्यांवर येत नाही. त्या वेगावर एक युनिट वाचायला अठ्ठावीस-एकोणतीस तास लागतात. जाहिरातींत मधल्या वेगाचे टक्के दाखवतात ते त्यामुळेच, आकडा मोठा दिसतो. सरांना पण तो मोह झाला होता, सत्तर टक्के लिहू म्हणाले, मी आणि मॅडमनी मिळून तो हाणून पाडला.

तर खोक्यावर बारीक अक्षरात आलं: १२०० मिमी, पूर्ण वेग, ७५ वॅटच्या साध्या पंख्याच्या तुलनेत. ही तुलनेची गोष्ट लिहायलाच हवी. ज्याच्या घरी आधीच पन्नास-पंचावन्न वॅटचा चांगला इंडक्शन पंखा आहे त्याचा फरक वीस-पंचवीस वॅटच, त्याला एका युनिटला चाळीस-पन्नास तास लागतील, आणि त्याने ओळ वाचून आमच्यावर खापर फोडलं तर त्याचं चुकलं म्हणता येणार नाही.

शेवटच्या मीटिंगमध्ये सरांची एकच तक्रार उरली होती, सुरुवातीला सांगितलेली ‘कितीतरी वर्षं’ गेली कुठे? पैसे फिटतील म्हटलं की माणूस समजतो हिशोब बरोबरीत सुटला, संपलं. आणि ते म्हणत होते त्यात तथ्य होतं, कारण जास्तीची किंमत वसूल झाल्यावर जी वर्षं उरतात तीच तर खरी कमाई. म्हणून दुसरी ओळ जोडली: ‘फिटल्यावरही बिल कमीच.’ तिच्यात वर्षांचा आकडा नाही, पण फिटल्यावर पुढे काय हे सांगते. बोर्ड शाबूत असेपर्यंत ती खरी आहे, आणि वॉरंटीचा पाच वर्षांचा शिक्का तिच्या शेजारीच लावायचं ठरलं, म्हणजे भरवसा कुठपर्यंतचा ते पण डोळ्यांसमोर राहतं.

एक वितरक म्हणाले, ही ओळ तर कमी वापरणाऱ्याला नको घेऊस असं सांगते. हो, सांगते. ज्या पाहुण्यांच्या खोलीत पंखा दिवसाला दोन तास चालतो तिथे वर्षाला ६०० तास, २७ युनिट. तिथे चालू असलेला जुना पंखा काढून हा लावावा असं मी कोणाला सांगणार नाही, आणि मॅडम पण नाही. झोपायच्या खोलीत लावा, जिथे रात्रभर फिरतो, किंवा दुकानात, क्लासमध्ये, दवाखान्याच्या वेटिंगमध्ये. वितरकांनी हे ऐकून घेतलं आणि पहिल्या खेपेचे खोके दुकानं आणि क्लासेसकडे आधी पाठवायचं कबूल केलं, सरांनी ‘थोडं’ हा शब्द कुठेही नाही ना एवढं परत एकदा तपासलं, आणि ओळ छापायला गेली.